एकाच कोळशाने लोखंड निघालं, अॅल्युमिनियम नाही: भट्टीच्या नोंदी

सिंधुदुर्गातल्या एका तंत्रशाळेच्या कार्यशाळेत केलेलं काम. जांभ्याच्या पट्ट्यातलं लोहखनिज आणि कोल्हापूरच्या पठारावरचं बॉक्साइट, दोन्हींवर लोणारी कोळशाचा प्रयोग केला. कोळसा जिथे हरला तिथे वीज लावली. पुढे कुणी हे करणार असेल तर आमचे वाया गेलेले दिवस त्यांचे वाचावेत म्हणून आकड्यांसकट लिहितो आहोत.

७ डिसेंबर: खनिज भाजणं

खनिज तपकिरी-लाल, हाताला जड. पांढऱ्या टाइलवर घासलं की पिवळट-तपकिरी रेघ उठते, म्हणजे बरंचसं गोएथाइट, त्यात पाणी बांधलेलं. ते तसंच भट्टीत टाकलं तर तडतडून फुटतं आणि त्याच्या भुकटीने हवेची वाट बुजते. म्हणून आधी भाजायचं. जळाऊ लाकडाचा थर, त्यावर खनिज, वर पुन्हा लाकूड, अशी उघडी शेकोटी तीन तास ठेवली. २३ किलो खनिज घातलं, निवल्यावर २०.६ किलो भरलं. गेलेलं वजन बहुतेक पाण्याचं. भाजलेलं खनिज गडद लाल होतं, त्यात बारीक चिरा पडतात आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने फुटतं. त्या चिरांचा खरा उपयोग पुढे भट्टीत होतो, कारण कार्बन मोनॉक्साइड त्यांतूनच आत शिरतो.

खनिजात लोह साधारण ५८ टक्के. हा आकडा खाणीच्या कागदावरचा आहे, आम्ही स्वतः तपासलेला नाही.

१४ डिसेंबर: चुंबकाने फसवलं

मोठ्या भट्टीआधी मुशीत चाचणी घेतली. ५० ग्रॅम खनिजाची पूड, १० ग्रॅम कोळशाची पूड, वर झाकण. शेगडीत तासभर ठेवलं. मूस जेमतेम लालसर झाली होती, म्हणजे ६०० अंशांच्या आसपास. बाहेर आली ती काळी पूड, आणि सगळीच्या सगळी चुंबकाला चिकटली. लोखंड झालं असं समजून पुढची तयारी सुरू केली आणि त्यात दोन दिवस घालवले.

ते लोखंड नव्हतं, मॅग्नेटाइट होतं. लाल खनिजातला थोडा ऑक्सिजन निघाला की आधी मॅग्नेटाइट होतं आणि तेही चुंबकाला जोरात चिकटतं. चुंबकावर विसंबू नका. दोन चाचण्या करा. पहिली, दाणा ऐरणीवर ठेवून ठोका. धातू चपटा होतो, ऑक्साइडची पूड होते. दुसरी, पूड मोरचुदाच्या द्रावणात टाका. लोखंड असेल तर दोन-तीन मिनिटांत त्यावर तांब्याचा लाल थर चढतो आणि द्रावणाचा निळा रंग फिका होत जातो. आमची पूड काळीच राहिली.

दुसऱ्या वेळी दोन गोष्टी बदलल्या. कोळसा १५ ग्रॅम घेतला. ५० ग्रॅम खनिजातला सगळा ऑक्सिजन ओढायला हिशेबाने ९ ग्रॅमच्या वर कार्बन लागतो, त्यामुळे १० ग्रॅमला काहीच सवड उरत नव्हती. आणि मूस लोहाराच्या भट्टीत ब्लोअर लावून नारिंगी-पिवळी होईपर्यंत तापवली, थर्मोकपलवर १०८० अंश. या वेळी करडे, स्पंजासारखे खडे निघाले. घणाखाली चपटे झाले, मोरचुदात लाल झाले. लोखंडाच्या शेवटच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन काढायला कार्बनला साधारण ७०० अंशांच्या वरची उष्णता लागते. शेगडी तिथवर पोचलीच नव्हती.

२१ डिसेंबर: भट्टी बांधली

चिकणमाती, वाळू आणि भाताचा तूस यांचा गारा. उभी नळीसारखी भट्टी, आतला व्यास २५ सेंमी, भिंत १० सेंमी जाड. हवेची लोखंडी नळी २५ मिमी आतल्या व्यासाची, तळापासून १८ सेंमीवर, तोंड २० अंश खाली झुकलेलं. समोर तळाशी मळी, म्हणजे खनिजातली वितळलेली माती-वाळू, काढायला एक विटेएवढं भोक, ते मातीने लिंपून बंद केलेलं.

हवा किती लागेल याचा एक ढोबळ पण उपयोगी ठोकताळा आहे: भट्टीच्या आडव्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला १.२ ते १.५ लिटर. आमचा छेद ४९० चौ. सेंमी, म्हणजे ६०० ते ७०० लिटर. आधी केस वाळवायचं यंत्र लावून पाहिलं. मोकळ्या हवेत ते जोरात वाटतं, पण कोळशाचा थर समोर आला की त्याला दाब पेलत नाही आणि हवा उलटी फिरते. नंतर लोहाराच्या भात्याजागी बसतो तो विजेचा ब्लोअर आणला, २,२०० रुपये. त्याचं झडप अर्धं उघडं पुरतं.

भिंत पुरती वाळायच्या आत आग घातली आणि उभी भेग गेली. पुन्हा लिंपून आठ दिवस मंद धगीवर वाळवली.

४ जानेवारी: पहिली भट्टी वाया

नळीच्या वर भट्टीची उंची फक्त ४५ सेंमी ठेवली होती. खनिजाचे तुकडे सुपारी ते अक्रोडाएवढे. एका फेरीला १ किलो कोळसा आणि २ किलो खनिज, अशा सहा फेऱ्या, एकूण १२ किलो खनिज. चार तासांनी भोक फोडलं तेव्हा काळी, चकचकीत मळी मधासारखी वाहत बाहेर आली. दिसायला छान होती, पण भट्टी मोडल्यावर आत लोखंडाचा गोळा नव्हता. मळीत अडकलेले धातूचे दाणे वेचले, ते ६०० ग्रॅम भरले.

ती मळीच सगळं सांगते. थंड झाल्यावर तुकडा हातात घेतला तर दगडापेक्षा बराच जड, आणि तोडल्यावर आत काळी-हिरवट काच. आपलं लोखंड त्यात गेलेलं. खनिजाचा तुकडा वरून खाली सरकतो तेव्हा वाटेत वर येणारा कार्बन मोनॉक्साइड त्यातला ऑक्सिजन काढत असतो. तुकडा मोठा असेल किंवा वाट आखूड असेल, तर तो अर्धवट स्थितीत, म्हणजे FeO असताना, नळीसमोरच्या सर्वांत तापलेल्या जागी पोचतो. तिथे खनिजातली वाळू त्याला पकडते. दोघांचं मिळून फायालाइट बनतं, ते १,२०० अंशांच्या आसपास वितळतं आणि वाहून जातं. एकदा ते वाहिलं की कोळशाला त्याच्यापर्यंत पोचायला वेळच राहत नाही.

थोडी मळी हवीच, कारण ती माती-वाळू घेऊन जाते आणि गोळ्याला नळीच्या हवेपासून झाकते. पण आमच्याकडे नुसती मळीच झाली.

महाबळेश्वरच्या पठारावर धावड लोक जांभ्यातल्या खनिजापासून याच तऱ्हेने लोखंड गाळायचे. तिथे जुन्या जागी सापडणारी मळी अशीच काळी, जड आणि वाहिल्याच्या वळ्या असलेली असते.

१८ जानेवारी: दुसरी भट्टी

बदल तीनच. नळीच्या वरची उंची ८० सेंमी केली. खनिज चाळून ५ ते १५ मिमीचंच घेतलं, त्याखालची भुकटी बाजूला. आणि कोळसा व खनिज समसमान, दर फेरीला १ किलो आणि १ किलो.

वेळेचा हिशेब असा. नळीच्या वर ३९ लिटर जागा, त्यात सुमारे ९ किलो कोळसा मावतो. ६०० लिटर हवेत तासाला साधारण साडेसात किलो कोळसा जळतो. म्हणजे वरून टाकलेला खडा नळीपाशी यायला तासाच्या वर घेतो. पहिल्या भट्टीत हाच वेळ जेमतेम अर्धा तास होता.

सकाळी सव्वासातला आग. १० किलो कोळसा फक्त भट्टी तापवण्यात गेला. साडेआठला पहिलं खनिज. कोळसा खाली बसला की फेरी टाकायची, ती साधारण आठ मिनिटांनी येत होती. फेरी बारा मिनिटांवर गेली की समजावं, नळीच्या तोंडाशी मळी गोठली आहे. अकराव्या फेरीला तेच झालं. नळीच्या मागचं काचेचं झरोकं काळं पडलं. १० मिमीची सळई आतून सरळ ढकलून तोंड मोकळं केलं आणि प्रकाश पुन्हा पिवळा-पांढरा दिसला. या झरोक्यात डोळा ठेवायचा तर वेल्डिंगची गडद काच लावूनच.

वर जळणारी ज्योत हेही एक माप आहे. निळसर ज्योत सतत असली तर कार्बन मोनॉक्साइड पुरेसा आहे. ज्योत विझली तर लगेच पेटती चूड धरायची, कारण न जळालेला वायू वास नसलेला आणि जीवघेणा असतो. भट्टी उघड्या अंगणातच चालवायची, पत्र्याच्या शेडमध्ये नाही.

२० फेऱ्यांनंतर आणखी ८ किलो कोळसा घालून उतरू दिला. दुपारी एकला समोरची भिंत फोडून गोळा चिमट्यांनी ओढला. ४.५ किलो. भाजलेल्या २० किलो खनिजात सुमारे ११.६ किलो लोह धरलं तर गोळ्याचं वजन त्याच्या ३९ टक्के भरलं, त्यातही थोडी मळी होती. बाकीचं मळीत. या पद्धतीत एवढं जातंच. एकूण कोळसा ३८ किलो, किलोला ४५ रुपये.

२५ जानेवारी: घणाखाली

गोळा पुन्हा तापवून लाकडी ओंडक्यावर हळूहळू ठोकला. पहिल्या ठोक्यांना मळी पिळून निघते, फवारे उडतात. सुरुवातीलाच जोर लावला तर गोळा चिरतो. शेवटी ३.१ किलोची वीट उरली.

नळीसमोरचा एक कोपरा मात्र घणाखाली ढेकळासारखा फुटला. आत करडा-पांढरा, दाणेदार. तो बीडाचा होता. त्या जागी उष्णता जास्त होती आणि कोळसा भरपूर, तेव्हा लोखंडाने कार्बन शोषला. शुद्ध लोखंड १,५३८ अंशांना वितळतं, पण चार टक्क्यांच्या आसपास कार्बन मुरला की साडेअकराशे अंशांतच पातळ होतं. आमच्यासाठी ही चूक होती, झोतभट्टीत मात्र हेच मुद्दाम करतात. तिथे हवा आधीच हजार अंशांच्या वर तापवून फुंकतात, कोकचं प्रमाण वाढवतात, आणि वाळू पकडायला चुनखडी घालतात. चुना वाळूला आधीच धरतो, त्यामुळे FeO मळीत जायचं वाचतं. लोखंड पातळ होऊन तळाशी साठतं आणि मळी त्यावर तरंगते. झोतभट्टीतल्या मळीत लोखंड अगदी थोडं राहतं, आमच्या मळीत साठ टक्क्यांहून जास्त गेलं. फरक त्या चुनखडीचा आणि उष्णतेचा आहे. वर चढणारा वायू आणि त्याचं काम तेच:

Fe₂O₃ + 3CO → 2Fe + 3CO₂

१ फेब्रुवारी: बॉक्साइट, तीच मूस, तोच कोळसा

या दिवसासाठीच हा सगळा खटाटोप होता. कोल्हापूरकडचं बॉक्साइट लालसर असतं, कारण त्यात लोहाचं ऑक्साइडही असतं. आमच्या नमुन्यात ते सुमारे १५ टक्के आणि अॅल्युमिना ५० टक्के धरलं. ४० ग्रॅम पूड, १० ग्रॅम कोळसा, झाकण मातीने लिंपलेलं. लोहाराच्या भट्टीत दोन तास, १,२०० अंशांपर्यंत.

मूस फोडली तर आत करडं ढेकूळ. खलात कुटून चुंबक फिरवला. काळसर कण आणि मोहरीएवढे दोन-तीन दाणे चिकटून आले, मिळून २.९ ग्रॅम. १४ डिसेंबरच्या चुकीमुळे लगेच मोरचुदात टाकले, ते लाल झाले. म्हणजे लोखंड. हिशेबाने त्यात ४.२ ग्रॅम असायला हवं होतं.

आता उरलेली करडी पूड. त्यात अॅल्युमिनियम धातू असेल तर तो साडेदहा ग्रॅमपर्यंत असू शकतो. चाचणी सोपी आहे: कॉस्टिक सोड्याच्या दहा टक्के द्रावणात धातूचा कणभर असला तरी हायड्रोजनचे बुडबुडे येतात. खात्रीसाठी एका नळीत घरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा नखाएवढा तुकडा टाकला, ती मिनिटभरात फेसाळली. आमच्या पुडीची नळी अर्धा तास शांत. एकही बुडबुडा नाही.

एकाच दगडातून कोळशाने लोखंड वेचून काढलं आणि अॅल्युमिनियमला हात लावला नाही. कार्बन आणि धातू ऑक्सिजनसाठी ओढाताण करतात. उष्णता वाढली की कार्बनची ओढ वाढत जाते, कारण त्यातून वायू तयार होऊन निघून जातो. लोखंडावर ती सातशे अंशांच्या वर मात करते. अॅल्युमिनियमवर मात करायला दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं. आमची भट्टी नळीच्या तोंडाशीही त्याच्या जवळपास जात नाही. आणि तिथे पोचलं तरी काम होत नाही. त्या उष्णतेला अॅल्युमिनियम कार्बनशी मिळून कार्बाइड बनवतं, काहीची वाफ होते, आणि निवताना तीच वाफ कार्बन मोनॉक्साइडमधला ऑक्सिजन परत ओढून घेते. कॅल्शियमचं धातुकही असंच हट्टी.

८ फेब्रुवारी: तुरटीच्या पाण्यात वीज

मग वीज. सर्वांत सोपा मार्ग आधी पाहिला: ३० ग्रॅम तुरटी अर्ध्या लिटर पाण्यात, ऋणाग्र तांब्याच्या पट्टीचं, धनाग्र ग्रॅफाइटच्या कांडीचं. ६ व्होल्ट, अर्धा अँपिअर, एक तास. पट्टीवर बुडबुडे सतत, आणि तिच्याभोवती पांढरा, चिकट जेलीसारखा साका जमला. पट्टी धुऊन वाळवून तोलली, वजनात काडीचा फरक नाही.

पाण्यात वीज सोडली की तिला सोपं काम आधी सापडतं. पाण्यातून हायड्रोजन काढणं अॅल्युमिनियम काढण्यापेक्षा सोपं, म्हणून तोच निघतो. त्यामुळे पट्टीजवळ पाणी अल्कली होतं आणि अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड म्हणून साकळतं. जेली तीच. व्होल्ट वाढवले तर बुडबुडे वाढतात, बाकी काही नाही. म्हणून पाणीच नको, पदार्थ वितळवूनच घ्यायचा.

अॅल्युमिना २,०७२ अंशांना वितळतं. १८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी ते वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवलं, त्यामुळे काम ९६० अंशांच्या आसपास होतं. आम्ही ते करायचं टाळलं. त्यातून फ्लोराइडचे वायू निघतात आणि ते रसायन साध्या मुशी खातं. त्याऐवजी लिथियम घेतलं, तेही पाण्यातून कधीच न निघणारं.

१५ फेब्रुवारी: लिथियम, पहिला प्रयत्न फसला

लिथियम क्लोराइड एकटं ६०० अंशांच्या वर वितळतं. त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलं तर ३५५ अंशांच्या आसपास. ४५ ग्रॅम आणि ५५ ग्रॅम घेतलं. २५० ग्रॅम लिथियम क्लोराइडचे १,९०० रुपये गेले.

चूक पहिली: मीठ नुसतं बाटलीतून काढून वापरलं. ते हवेतलं पाणी भराभर शोषतं. वितळताना फेस, आंबट झोंबणारा वास (हायड्रोजन क्लोराइड), आणि पहिली वीस मिनिटं ऋणाग्रावर नुसते बुडबुडे. चूक दुसरी: पोर्सिलीनची मूस. लिथियम सिलिकाला खातं. मुशीच्या आतल्या भागावर काळे डाग पडले, मग तळ तडकला आणि वितळलेलं मीठ वाळूत गेलं. हाती काही नाही.

२२ फेब्रुवारी: दुसरा प्रयत्न

मीठ उथळ ताटलीत पसरून २०० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर. गरम असतानाच मिसळून साध्या लोखंडाच्या, मूस म्हणून वळवलेल्या भांड्यात घातलं. तापमान ४३०. धनाग्र ८ मिमी ग्रॅफाइट. ऋणाग्र ३ मिमी लोखंडी सळई, तिच्याभोवती तळाशी उघडी लोखंडी नळी. ही नळी महत्त्वाची आहे. लिथियम पाण्याहूनही हलकं, त्यामुळे ते वर तरंगतं, आणि समोरून येणाऱ्या क्लोरीनशी भेटलं तर पुन्हा मीठ होऊन बसतं.

५ अँपिअर, साडेसहा व्होल्ट, ४० मिनिटं. या वेळात क्लोरीन सुमारे दीड लिटर निघतो. तो बंद खोलीत घातक आहे. हे काम पंखा चालू असलेल्या धूरपेटीतच, आणि वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून नेऊन. शेजारी पाण्याची बादली ठेवायची नाही. पेटलेल्या लिथियमवर कोरडी ग्रॅफाइटची पूड टाकायची. पाणी, वाळू, कार्बन डायऑक्साइडचा नळकांडा यांतलं काहीही चालत नाही.

नळी वर उचलली तेव्हा आत पाऱ्यासारखा चकाकणारा थेंब होता. चमच्याने कोरड्या लोखंडी ताटलीवर घेतला, पाहता पाहता चकाकी करडी झाली. वजन ०.४ ग्रॅम. तेवढ्या विजेतून ०.८६ ग्रॅम निघायला हवं होतं, निम्म्याहून थोडं कमी मिळालं. तांदळाएवढा तुकडा पाण्यात टाकला तर सुरसुरत फिरला आणि फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी झालं. ज्योतीत धरला तर किरमिजी रंग. उरलेला पेट्रोलियम जेलीत पूर्ण बुडवून ठेवला, कारण तेलात ठेवला तर तो तरंगून वर येतो आणि हवेला लागतो.

०.४ ग्रॅमला नुसत्या विद्युत अपघटनाची वीज जवळपास २२ वॉट-तास लागली, म्हणजे किलोला ५४ युनिट, तापवण्याचा खर्च वेगळा. कारखान्यात अॅल्युमिनियमला किलोमागे १३ ते १५ युनिट लागतात. तिथेही धनाग्र कोळशाचंच असतं आणि ते जळून कमी होत जातं, किलोमागे ४०० ग्रॅमच्या वर. म्हणजे ऑक्सिजन तिथेही कार्बनच नेतो. त्याला जी ओढ कमी पडते तेवढी व्होल्टांनी भरून काढतात.

१ मार्च: पुढच्या वेळेसाठी

भट्टीची भिंत नळीच्या वर ३ सेंमी खाल्ली गेली आहे. तिथे साध्या गाऱ्याऐवजी वाळूचं प्रमाण वाढवून लिंपायचं आहे. पहिल्या भट्टीची मळी फेकलेली नाही. ती भाजलेल्या खनिजात चौथा हिस्सा मिसळून पुन्हा घालायची, सोबत थोडा चुना, आणि गोळ्याचं वजन वाढतं का ते तोलून पाहायचं.